वाफेची चढण

हळदीची काढणी उरकत आली की हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात, साखरा आणि आसपासच्या शिवारांत, बांधाबांधाला धूर दिसू लागतो. ओली हळद जमिनीतून निघाली म्हणजे काम संपले असे होत नाही. ती शिजवावी लागते, मग वाळवावी लागते, मग पॉलिश करावी लागते. त्यानंतर ती हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात नाहीतर वसमतच्या बाजारात जाते. यातली पहिली पायरी, म्हणजे शिजवणे, ही या लेखाची खरी नायिका. कारण अप्रकट उष्मा, प्रावस्थांमधल्या सीमारेषेचा चढ आणि दाबाप्रमाणे बदलणारा उत्कलनांक या तिन्ही गोष्टी त्या एका ड्रमाभोवती एकत्र सापडतात. पाठ्यपुस्तकात त्या वेगवेगळ्या पानांवर असतात, आणि विद्यार्थी त्यांना वेगवेगळ्या समजूनच परीक्षा देऊन मोकळा होतो.

पूर्वी हळद काहिलीत शिजत असे. हळकुंडे बुडतील इतके पाणी, वर हळदीचाच पाला किंवा ओली पोती, खाली जाळ. आता बहुतेक शेतकरी वाफेवरचा कुकर लावतात. ट्रॅक्टरमागे जोडून एका शेतातून दुसऱ्या शेतात नेता येणारे हे युनिट असते. त्यात एक बॉयलर आणि त्याच्या कडेने दोन-चार ड्रम. ड्रमाच्या तळाशी भोकांची जाळी असते, तिच्याखाली वाफेची नळी येते, वर हळद भरलेली असते आणि तोंडावर पोते किंवा सैलसर झाकण. एक ड्रम शिजेपर्यंत दुसरा भरायचा, पहिला रिकामा झाला की वाफेची तोटी दुसऱ्याकडे फिरवायची. काहिलीतल्या घाण्यापेक्षा हे काम लवकर उरकते आणि सरपणही कमी लागते.

सरपण कमी का लागते, याचे उत्तर आकड्यांत काढता येते आणि ते काढण्यासारखे आहे. समजा एका ड्रमात तीन क्विंटल ओली हळद भरली. ओल्या हळदीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते, म्हणून ती तापवायला जवळजवळ पाण्याइतकीच उष्णता लागते: किलोमागे अंशाला सुमारे 3.7 किलोज्यूल. पंचवीस अंशांवरून अठ्ठ्याण्णव अंशांपर्यंत न्यायची तर एकूण 81,000 किलोज्यूल झाले. आता एक किलो वाफ हळकुंडावर थंड होऊन पाणी होते तेव्हा ती एकटीच सुमारे 2,260 किलोज्यूल सोडते. म्हणजे अख्ख्या ड्रमाला लागली फक्त छत्तीस किलो वाफ, म्हणजे बॉयलरमधले छत्तीस लिटर पाणी. भिंतींतून जाणारी आणि पोत्याखालून निसटणारी वाफ धरली तरी पन्नास-साठ लिटरच्या पुढे हिशेब जात नाही. उलट काहिलीत तेवढीच हळद बुडवायला अडीचशे लिटर पाणी घेतले, तर हळद तापण्याआधी ते पाणी तापवावे लागते, आणि त्यालाच 76,000 किलोज्यूलहून अधिक उष्णता जाते. तेच पाणी पुढच्या घाण्याला वापरून काही भाग वाचतो, पण पहिल्या घाण्याचे सरपण जवळजवळ दुप्पट होतेच.

हे 2,260 किलोज्यूल असतात कुठे? थर्मामीटरला ते दिसत नाहीत. उकळत्या पाण्याचे तापमान आणि त्यातून निघालेल्या वाफेचे तापमान एकच असते, आणि म्हणूनच या उष्णतेला अप्रकट म्हटले गेले. ग्लासगो विद्यापीठात जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकात ही गोष्ट मोजून दाखवली. सारख्याच जाळावर पाणी थंडगार अवस्थेतून उकळीपर्यंत यायला जितका वेळ लागतो, त्याच्या पाचपटींहून जास्त वेळ ते सगळे उकळून नाहीसे व्हायला लागतो, आणि एवढा वेळ थर्मामीटरचा पारा एका जागी ठाण मांडून असतो. ती बहुतेक उष्णता पाण्याच्या रेणूंना एकमेकांपासून सोडवण्यात खर्च होते. तिचा एक छोटा हिस्सा, शंभर अंशांवर सुमारे साडेसात टक्के, वेगळ्या कामाला जातो: वाफ जागा मागते आणि त्या जागेतली हवा बाजूला ढकलावी लागते. हा छोटा हिस्सा लक्षात ठेवावा, पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे.

जागेचा हिशेबही साखऱ्याच्या ड्रमावरच करू. छत्तीस लिटर पाण्याची वाफ झाली की ती साधारण त्रेसष्ट हजार लिटर होते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली भरून थोडी उरेल एवढी. ड्रमात एवढी जागा अर्थातच नसते. वाफ हळकुंडावर आली की लगेच पाणी होऊन आक्रसते आणि तिच्या जागी पुढची वाफ ओढली जाते. हळद गार असेपर्यंत ड्रम वाफ नुसती गिळत राहतो, वरून काहीच बाहेर पडत नाही. पोत्यातून जोरात वाफा येऊ लागल्या आणि हळदीचा तो ओळखीचा दर्प सुटला, की समजावे, वरचा थरही तापला. तरी तेवढ्यावर थांबून चालत नाही. पृष्ठभाग तापला म्हणजे गाभा तापला असे नसते, म्हणून हळकुंडात काडी टोचून पाहतात. ती आरपार सहज गेली तर शिजली. जाड मातृगड्डे आणि बारीक हळकुंडे एकाच ड्रमात घातली, तर गड्डे कच्चे राहतात नाहीतर हळकुंडे गिर होतात, म्हणून जाणता शेतकरी ती वेगळी शिजवतो.

आता तापमानाकडे येऊ. वर अठ्ठ्याण्णव अंश असे लिहिले, शंभर नाही, आणि ते सहज लिहिलेले नाही. हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 457 मीटर उंचीवर आहे आणि सेनगाव तालुकाही त्याच पठारावर. समुद्रकाठी हवेचा दाब 101.3 किलोपास्कल असतो, या उंचीवर तो 96 च्या आसपास भरतो. म्हणून इथे शुद्ध पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांवर उकळते. दीड अंशाचा हा फरक शिजवणाऱ्याला जाणवत नाही, पण तो येतो कुठून हे कळले की बाकीचे दार उघडते.

पाणी कोणत्याही तापमानाला हळूहळू वाफ होतच असते. बंद भांड्यात ठेवले तर वर जमलेली वाफ काही दाब देते, आणि पाणी आणि वाफ यांच्यात देवाणघेवाण बरोबरीची झाली की हा दाब स्थिर होतो. याला बाष्पदाब म्हणतात. तो फक्त तापमानावर ठरतो. पंचवीस अंशांवर तो तीन किलोपास्कलच्या थोडा वर असतो, शंभर अंशांवर 101.3. उकळणे म्हणजे पाण्याच्या पोटात बुडबुडा तयार होऊन टिकणे. बुडबुड्याच्या आत असते फक्त वाफ, आणि बाहेरून हवा पाण्यावरून त्याला दाबत असते. आतला दाब बाहेरच्या दाबाइतका झाल्याशिवाय बुडबुडा टिकत नाही, चिरडला जातो. म्हणजे शंभर अंश हा पाण्याचा जन्मजात गुण नव्हे. समुद्रकाठच्या हवेने पाण्याला घातलेली ती अट आहे. बाहेरचा दाब कमी केला की अट सैल होते, वाढवला की कडक होते.

तापमान आडव्या अक्षावर आणि दाब उभ्या अक्षावर घेऊन ज्या ज्या जोडीला पाणी आणि वाफ सुखाने एकत्र नांदतात ते बिंदू जोडले, तर एक वर चढत जाणारी रेषा मिळते. रेषेच्या डावीकडे पाणी, उजवीकडे वाफ. हीच प्रावस्थांमधली सीमारेषा. उरतो एकच प्रश्न: ती किती उभी चढते? एका अंशाला दाब किती वाढतो?

याचे उत्तर फ्रेंच अभियंता एमिल क्लापेरों यांनी 1834 मध्ये दिले, आणि त्यासाठी त्यांनी पाण्याच्या रेणूंबद्दल एक अक्षरही गृहीत धरले नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, 1824 मध्ये, सादी कार्नो यांनी उष्णतेवर चालणाऱ्या इंजिनाची कमाल मर्यादा सांगितली होती. क्लापेरों यांनी कार्नोचा तो विसरला गेलेला विचार आलेखावर मांडला. 1850 मध्ये रुडॉल्फ क्लाउझिउस यांनी त्याला आजचे रूप दिले. युक्तिवाद इतका सरळ आहे की तो गाळून फक्त सूत्र पाठ करणे म्हणजे ऊस चिरडून रस फेकून देणे.

अशी कल्पना करा: सिलिंडरमध्ये एक किलो पाणी आहे, वर दट्ट्या आहे. शंभर अंशांवर त्याला उष्णता देऊन सगळ्याची वाफ केली. दट्ट्या वर सरकला, हवेला ढकलले, काम झाले. आता वाफ एक अंशाने थंड केली आणि नव्व्याण्णव अंशांवर पुन्हा पाणी करून घेतली. परत येताना दाब थोडा कमी आहे, म्हणून दट्ट्या खाली आणायला थोडे कमी काम पडते. जाताना मिळालेले आणि येताना मोजलेले यांतला फरक हातात राहिला. तो फरक म्हणजे दाबातला एका अंशाचा फरक गुणिले आकारमानातला बदल. दुसऱ्या बाजूने, कार्नोच्या नियमाप्रमाणे एवढ्या छोट्या इंजिनाला घेतलेल्या उष्णतेतला जास्तीत जास्त किती भाग कामात आणता येतो? तापमानातला फरक भागिले निरपेक्ष तापमान, म्हणजे 1 भागिले 373. घेतलेली उष्णता म्हणजे तोच अप्रकट उष्मा. दोन्ही बाजू एकमेकींना बरोबर असल्याच पाहिजेत, नाहीतर फुकटचे काम देणारे यंत्र तयार होईल. एका ओळीत लिहिले तर:

dP/dT = L / (T ΔV)

आकडे घालून पाहू. एका किलो वाफेचा अप्रकट उष्मा 2,257 किलोज्यूल, निरपेक्ष तापमान 373. भागाकार साधारण 6.05 किलोज्यूल. हे झाले एका अंशाच्या इंजिनाचे जास्तीत जास्त काम. आता वाफ होताना आकारमान 1.67 घनमीटरने वाढते, म्हणून 6.05 ला 1.67 ने भागले की 3.6 किलोपास्कल. शंभर अंशांच्या आसपास एका अंशाला दाब 3.6 किलोपास्कलने वाढतो. साखऱ्याला हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण 5.4 किलोपास्कलने कमी, त्याला 3.6 ने भागले की दीड अंश. मघाचा साडेअठ्ठ्याण्णव हा आकडा असा निघतो, आणि तो काढायला फक्त अप्रकट उष्मा आणि वाफेचे आकारमान माहीत असावे लागते. जो उष्मा थर्मामीटरला दिसत नव्हता, तो सीमारेषेच्या चढात दिसतो.

महाराष्ट्रात या चढाचा उपयोग हळद वाफेवर शिजू लागण्याच्या खूप आधी झाला. डब्ल्यू. एच. साइक्स हे लष्करी अधिकारी 1824 पासून काही वर्षे मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होते. डोंगरांची उंची मोजायला पाऱ्याचा बॅरोमीटर लागे, आणि लांबलचक काचेची ती नळी घोड्यावरून नेताना फुटण्याची भीती. 1838 मध्ये साइक्स यांनी लंडनच्या भूगोल सोसायटीच्या नियतकालिकात साध्या थर्मामीटरने उंची कशी काढावी यावर लेख लिहिला. वर जाऊन पाणी उकळायचे, तापमान वाचायचे, त्यावरून दाब, दाबावरून उंची. कळसूबाईच्या 1,646 मीटरवर पाणी साधारण साडेचौऱ्याण्णव अंशांवर उकळते. पद्धतीची मर्यादाही उघड आहे: एका अंशाला उंची सुमारे तीनशे मीटर, म्हणून थर्मामीटर वाचताना दशांश अंश चुकला तर डोंगर तीस मीटरने चुकतो. शिवाय हवेचा दाब ऋतूप्रमाणे बदलतो. हिवाळा आणि पावसाळा यांत एक किलोपास्कलचा फरक सहज पडतो, आणि डोंगर जागचा न हलता आणखी ऐंशी-नव्वद मीटरने वरखाली होतो.

पुन्हा शेतावर येऊ, कारण इथे एक गैरसमज भेटतो. बॉयलरच्या घड्याळावर दाब जितका जास्त तितकी हळद जास्त तापते, असे पुष्कळांना वाटते. ड्रमाचे तोंड सैल असेल तर ड्रमातला दाब हवेइतकाच राहतो, आणि सीमारेषा सांगते की त्या दाबाला पाण्यासोबत नांदणाऱ्या वाफेचे तापमान साडेअठ्ठ्याण्णव अंशच. बॉयलरमधून येताना वाफेत थोडी जादा ऊब असली तरी ती नळीतले थेंब आणि पहिलाच थर सुकवण्यात संपते. बॉयलरचा दाब वाढवून मिळतो तो वेग, नळीतून मिनिटाला जास्त वाफ जाते एवढेच. जाळ वाढवून गाभ्याची शिजण्याची वेळ फारशी कमी होत नाही. स्वयंपाकघरातल्या कुकरची गोष्ट वेगळी. तिथे शिटीचे वजन भांड्यातलाच दाब हवेपेक्षा सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटरने वर धरून ठेवते आणि डाळ खरोखरच एकशेवीस अंशांच्या आसपास शिजते.

दुसरी अडचण उलट दिशेची. वाफ सोडली तेव्हा ड्रमात हळदीच्या फटींत हवा भरलेली असते. ती बाहेर पडायला वाट नसेल तर वाफेसोबत कोंडून बसते. ड्रमातला एकूण दाब 96 किलोपास्कल, पण त्यातला पाचवा हिस्सा हवेचा असेल तर वाफेच्या वाट्याला उरले 77, आणि 77 किलोपास्कलच्या वाफेचे तापमान साडेब्याण्णव अंश. भरीला हवेचा थर हळकुंडाभोवती बसून वाफेला जवळ येऊ देत नाही. म्हणून बाकीचा ड्रम शिजला तरी एखादा कोपरा कच्चा निघतो, आणि तो कळतो उशिरा. वाळल्यावर ती हळकुंडे आत एकसारखी दिसत नाहीत आणि पॉलिशच्या ड्रमात तुटतात. उपाय साधा: सुरुवातीची वाफ वरून मोकळी वाहू द्यावी, मग पोते दाबावे. ड्रमात थर्मामीटर घालून पाहिले आणि तो नव्वदच्या आसपास अडकला, तर जाळ कमी आहे असे समजण्याआधी हवेचा संशय घ्यावा.

खरा धोका असतो तो बॉयलरमध्ये, आणि तिथे सीमारेषेचा आकार कामाला येतो. ही रेषा सरळ नसते, वर जाताना उभी होत जाते, कारण दाब वाढला की वाफ दाटते आणि सूत्रातला ΔV झपाट्याने लहान होतो. घड्याळावर दोन किलो दाब असताना बॉयलरमधले पाणी साधारण 133 अंशांवर असते. तिथे एका अंशाला दाब 8.6 किलोपास्कलने वाढतो, शंभर अंशांवरच्या दुपटीहून जास्त. म्हणजे जाळ तोच असला तरी घड्याळाचा काटा सुरुवातीला रेंगाळतो आणि पुढे पळत सुटतो. सेफ्टी व्हॉल्व्ह गंजून अडकलेला असेल, किंवा वाफ जास्त हवी म्हणून कुणी त्यावर वजन टांगले असेल, तर पहिल्या अर्ध्या तासाच्या अनुभवावरून पुढच्या दहा मिनिटांचा अंदाज बांधता येत नाही.

आणि बॉयलर फुटला तर घात करते ती आत साठलेली वाफ कमी, पाणी जास्त. दोनशे लिटर पाणी 133 अंशांवर आहे आणि पत्रा फाटला. दाब क्षणात हवेइतका झाला. आता त्या पाण्याला साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या वर राहण्याचा अधिकारच नाही. वरची जी चौतीस अंशांची उष्णता त्यात आहे, ती सगळी एकदम अप्रकट उष्म्यात जाते आणि साधारण तेरा किलो पाण्याची तत्काळ वाफ होते. ऐकायला तेरा किलो थोडे वाटते. पण ती बावीस-तेवीस घनमीटर वाफ आहे, आणि ती पापणी लवते न लवते तोच जागा मागते. भारताच्या बॉयलर कायद्यात पंचवीस लिटरहून लहान, किंवा एक किलोहून कमी दाबाचे, किंवा ज्यात पाणी शंभर अंशांच्या खालीच तापते असे भांडे बॉयलर मानले जात नाही, त्यामागे हाच हिशेब आहे. धोका पाण्याच्या प्रमाणाने आणि रेषेवरच्या उंचीने ठरतो.

ड्रमाचे उलटेही होते. काम संपल्यावर कुणी घट्ट झाकणाचा, वाफेने भरलेला रिकामा ड्रम सगळ्या तोट्या बंद करून ठेवला, तर वाफ पत्र्यावर निवत जाते. साठ अंशांपर्यंत निवली की आत उरतो वीस किलोपास्कल दाब, बाहेर 96. साठ सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर त्या फरकाने दोन टनांहून जास्त भार पडतो आणि पातळ पत्रा आत चेपतो. म्हणून निवताना एखादी तोटी उघडी ठेवतात.

या सूत्राची परीक्षा फक्त वाफेवर झाली असती तर ते एवढे प्रतिष्ठित झाले नसते. बर्फ वितळते तेव्हा पाणी आकाराने लहान होते, वाढत नाही. म्हणजे ΔV ऋण, म्हणजे रेषेचा चढही उलटा: दाब वाढवला की द्रवणांक खाली यायला हवा. हे कुणी पाहिलेले नव्हते. जेम्स थॉमसन यांनी 1849 मध्ये ते गणिताने सांगितले आणि त्यांचे धाकटे बंधू विल्यम, जे पुढे लॉर्ड केल्विन झाले, त्यांनी 1850 मध्ये ते प्रयोगाने दाखवले. फरक मात्र अगदी बारीक: द्रवणांक एका अंशाने खाली आणायला सुमारे 135 वातावरणांचा दाब लागतो. दहावीच्या पुस्तकात पुनर्हिमायनाचा प्रयोग असतो, बर्फाच्या लादीवर वजने टांगलेली तार आत शिरते आणि वरचे बर्फ पुन्हा सांधते. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तारेवर दहा किलो वजन टांगले तरी द्रवणांक जेमतेम दशांश अंशाने उतरतो. म्हणूनच हा प्रयोग फ्रीजरमधून नुकत्याच काढलेल्या कडक बर्फावर फसतो, शून्याला टेकलेल्या, घाम सुटलेल्या लादीवरच जमतो. आणि तांब्याच्या तारेऐवजी नायलॉनचा दोरा घेतला तर काम फार रखडते, कारण वरच्या थराने गोठताना सोडलेला अप्रकट उष्मा खालच्या थरापर्यंत नेऊन पोचवायचे काम तांबेच करते. शाळेत हा प्रयोग दाखवताना दाबाचे श्रेय सांगितले जाते, तांब्याचे सहसा राहून जाते.

पाणी-वाफेच्या रेषेला शेवट आहे. तापमान वाढत जाते तसा अप्रकट उष्मा घटत जातो: शून्य अंशावर 2,501 किलोज्यूल, शंभरावर 2,257, आणि 374 अंशांवर, 220 वातावरणांच्या आसपास, तो शून्य होतो. तिथे पाणी आणि वाफ यांच्यात भेदच उरत नाही आणि रेषा हवेत संपते.

रेषेच्या खालच्या टोकाचा कारभार पाहायचा तर त्याच जिल्ह्यात, वसमतकडच्या पूर्णा सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणी जावे लागते. उसाचा पाक उघड्या कढईत आटवला तर साखर करपते आणि रंग धरते. म्हणून 1813 मध्ये एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी बंद कढईतली हवा ओढून पाक कमी तापमानाला उकळण्याची रीत काढली, आणि आजचा व्हॅक्युम पॅन तिचाच वंशज. पॅनमधला दाब सतरा किलोपास्कलच्या आसपास ठेवला तर निव्वळ पाणी 57 अंशांवरच उकळले असते. साखर विरघळलेली असल्यामुळे पाक त्यापेक्षा आठ-दहा अंश वर, पासष्टच्या आसपास उकळतो. हा वरचा फरक क्लापेरोंच्या सूत्रात नाही, कारण ते शुद्ध पदार्थाचे सूत्र आहे.

पण सीमारेषा तीच आहे आणि पॅनमनला ती दररोज भेटते, फक्त उलट्या बाजूने. इतक्या कमी दाबाला एक किलो वाफ जवळजवळ नऊ घनमीटर जागा घेते. म्हणून ΔV प्रचंड, म्हणून रेषा जवळजवळ आडवी: एका अंशाला दाब जेमतेम 0.8 किलोपास्कल. दोन किलोपास्कलचा धक्का 133 अंशांच्या बॉयलरमध्ये तापमान पाव अंशानेही हलवत नाही. इथे तोच धक्का पाकाला अडीच अंश वर किंवा खाली नेतो. कंडेन्सरला गार पाणी एकदम जास्त गेले आणि व्हॅक्युम वाढला, की पाक झटक्यात निवतो, त्यात मावेल त्यापेक्षा जास्त साखर होते आणि मोठ्या दाण्यांमध्ये नको असलेला बारीक दाणा पडतो. कामगार त्याला फॉल्स ग्रेन म्हणतात. सेंट्रिफ्युगलमध्ये तो जाळीत अडकून मळी निथळू देत नाही. व्हॅक्युम पडला तर उलट, पाक तापतो आणि तयार झालेला दाणा पुन्हा विरघळू लागतो. म्हणून पॅनमन प्रूफ स्टिकने पाक काढून काचेवर पसरतो, उजेडाला धरून दाणा पाहतो, आणि बारीक दाणा दिसला तर थोडे पाणी किंवा पातळ रस सोडून, किंवा व्हॅक्युम किंचित उतरवून, तो विरघळवून टाकतो.